‘गेम हँग होते’ म्हणजे नेमकं काय होतं?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने गूगल प्लेवर स्वतःच्या नावाने, म्हणजे कंपनी म्हणून नव्हे तर वैयक्तिक, डेव्हलपर खातं उघडलं, त्याला तयार झालेली गेम थेट दुकानात मांडता येत नाही. आधी ती बंद चाचणीत ठेवावी लागते. या चाचणीत किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात. सुरुवातीला ही अट २० जणांची होती. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने ती १२ वर आणली. चौदा दिवस पुरे झाले की प्रसिद्धीची परवानगी मागायची. त्या अर्जात गूगल विचारतं की माणसं कशी मिळवली, त्यांनी काय सांगितलं आणि त्यावरून गेममध्ये काय बदललं.

एकट्याने गेम करणाऱ्याला ग्रुप काढायला लावणारं खरं कारण हे आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगसारख्या कंपनीची गोष्ट वेगळी. त्यांची ‘इंडस’ १६ ऑक्टोबर २०२४ ला सगळ्यांसाठी खुली होण्याआधी बंद बीटामधून गेली आणि खेळाडूंचा गोतावळा डिस्कॉर्डवर आधीच जमलेला होता. तिथे बगांचा हिशेब ठेवणं हे पगारी माणसांचं काम असतं. जालन्याच्या एमआयडीसीत बसून रात्री लॅपटॉपवर गेम करणाऱ्याकडे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि तो स्वतः असतो. म्हणून हा लेख त्याच्यासाठी.

उदाहरणासाठी असा एक माणूस धरू. दिवसा तो एका रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो आणि रात्री युनिटीमध्ये गेम बनवतो. गेम मिलवरचीच आहे: भट्टीतून तापलेलं बिलेट बाहेर येतं आणि ते थंड व्हायच्या आत एकामागून एक स्टँडमधून काढायचं. गार झालं की अडकतं आणि लेव्हल गेली. सगळ्या मिळून चाळीस लेव्हल. माणूस आणि गेम दोन्ही कल्पनेतले आहेत. पण त्याच्या ग्रुपवर पुढे जे घडणार आहे, ते अशा प्रत्येक ग्रुपवर थोड्याफार फरकाने घडतं.

बारा जण लागतात म्हणून बाराच बोलावले तर फसगत ठरलेली. एकाने जागा नाही म्हणून चाचणीतूनच नाव काढलं, की आकडा अकरावर येतो आणि सलग चौदा दिवसांची अट मोडते. अठरा-वीस जण घेतलेले बरे. इंटरनेटवर अनोळखी डेव्हलपरांचे अदलाबदलीचे ग्रुप आहेत: तू माझं अ‍ॅप टाक, मी तुझं टाकतो. त्यांतून आकडा भरतो, पण ती मंडळी गेम एकदा उघडतात आणि विसरतात. चाचणी करणाऱ्यांनी अ‍ॅप खरोखर वापरलं का, हे गूगल बघतं आणि वापर दिसला नाही तर अर्ज परत पाठवून चाचणी चालू ठेवायला सांगतं. त्यापेक्षा शिफ्टमधले सहकारी, तंत्रनिकेतनातली पोरं, चहाच्या गाड्यावरचा गल्ला सांभाळणारा पोरगा आणि घरातली दोन माणसं बरी. निवडताना माणसापेक्षा त्याचा फोन बघावा. वीसही जणांकडे आठ जीबीचे नवे फोन असतील तर चाचणी निम्मी वाया गेली. दोन-तीन जीबी रॅमचे जुने फोन किमान पाच तरी हवेत. काचेला तडा गेलेला आणि स्टोरेज भरून वाहणारा एखादा असेल तर तो सोडूच नये.

सामील होतानाच पहिला घोळ होतो आणि तो गेमचा नसतो. चाचणीच्या यादीत जीमेलचे पत्ते टाकायचे असतात. मग ज्याला त्याला एक दुवा पाठवायचा, त्याने तो उघडून ‘मी चाचणीत सामील होतो’ असं मान्य करायचं, आणि मगच प्ले स्टोअरवर गेम दिसते. लोकांच्या फोनवर दोन-दोन जीमेल खाती असतात. एक स्वतःचं आणि एक फोन विकणाऱ्या दुकानदाराने सुरू करून दिलेलं. दुवा उघडला जातो एका खात्याने आणि प्ले स्टोअर चालू असतं दुसऱ्यावर. मग ‘सापडत नाही’ असा निरोप येतो. पहिल्या दोन दिवसांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. उपाय सोपा आहे: प्ले स्टोअर उघडायचं, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवायचं, तिथे कोणता पत्ता दिसतो त्याचा स्क्रीनशॉट मागवायचा आणि तोच पत्ता यादीत घालायचा. पत्ता ग्रुपवर न मागता खासगी निरोपात मागावा.

इथे ग्रुपच्या जागेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. मिलमधल्या अनोळखी वीस पुरुषांच्या ग्रुपमध्ये चुलत बहिणीचा किंवा शेजारच्या शाळकरी मुलाचा नंबर घालणं बरोबर नाही. त्यांच्याशी वेगळं बोलावं किंवा घरच्यांचा छोटा ग्रुप निराळा करावा. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो आणि डिस्कॉर्डवर तर तो दिसतच नाही. शिवाय डिस्कॉर्डवर २०२२ पासून फोरम चॅनल आहेत, म्हणजे प्रत्येक बगाला स्वतःचा धागा मिळतो. बगांच्या कामाला ही व्यवस्था व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा कितीतरी बरी. पण बारा तासांची शिफ्ट संपवून घरी आलेला माणूस केवळ तुमच्या गेमसाठी नवं अ‍ॅप घेणार नाही. जिथे लोक आहेत तिथेच ग्रुप काढावा आणि व्यवस्थेची उणीव दुसरीकडे भरून काढावी, असं माझं मत आहे.

ती उणीव काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं वाहून जातं. सकाळी सातला कुणी बग कळवला, त्याखाली वाढदिवसाच्या चाळीस शुभेच्छा आल्या, की बग गेला. म्हणून ग्रुप ही फक्त निरोप येण्याची जागा समजावी आणि नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. साधी गूगल शीट चालते. एका ओळीत एक बग: क्रमांक, कुणी कळवला, कोणत्या आवृत्तीत, कोणता फोन, काय झालं, आपल्याकडे पुन्हा घडवता आलं का, आणि सध्या कुठे आहे. ग्रुपमध्ये त्या निरोपालाच उत्तर देऊन ‘१४ नंबरला नोंद केली’ एवढं लिहावं. हे चार शब्द सांगणाऱ्याला फार लागतात. ज्याच्या निरोपाला कुणी उत्तर दिलं नाही तो दुसऱ्यांदा कळवत नाही. गप्प झालेला चाचणीकर्ता आणि गेम आवडलेला चाचणीकर्ता बाहेरून अगदी सारखेच दिसतात, आणि खरी अडचण तिथेच होते.

आता निरोपांकडे वळू. मिलमधला ग्रुप म्हणजे भाषांची सरमिसळ. मराठी, हिंदी, रोमन लिपीतली मराठी, आवाजी निरोप, सगळंच. आणि जवळजवळ प्रत्येक तक्रार एकाच वाक्यात येते: ‘गेम हँग होते.’ हे वाक्य घेऊन कोडमध्ये शिरणं म्हणजे रात्र वाया घालवणं. कारण या एका वाक्यामागे किमान चार निरनिराळे बिघाड असतात आणि चारहींची कारणं वेगवेगळी.

पहिला प्रकार: चित्र थिजतं, बोट लावलं तरी काही होत नाही आणि थोड्या वेळाने अँड्रॉइडची पाटी येते की अ‍ॅप प्रतिसाद देत नाही, थांबा किंवा बंद करा. बोटाच्या स्पर्शाला अ‍ॅपकडून पाच सेकंद उत्तर मिळालं नाही की अँड्रॉइड ही पाटी दाखवतं. म्हणजे मुख्य धागा कुठल्यातरी जड कामात किंवा न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला आहे. दुसरा प्रकार: गेम एकदम नाहीशी होते आणि फोनचं मुख्य पान दिसतं. हा क्रॅश. तिसरा: गेम चालू आहे, पण अडखळत. त्याला पोरं ‘लॅग’ म्हणतात आणि दहा मिनिटं खेळून फोन तापल्यावर तो वाढतो. चौथा प्रकार सगळ्यांत फसवा. माणूस मधेच दुसरीकडे गेला, परत आला, तर गेम पहिल्या पाटीपासून सुरू झाली. काही थिजलं नाही, काही पडलं नाही, पण केलेलं सगळं गेलं.

म्हणून ‘हँग झाली’ म्हणणाऱ्याला ‘कोणता फोन?’ हा पहिला प्रश्न विचारू नये. पहिला प्रश्न असा असावा: ‘भाऊ, त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं?’ आणि दुसरा: ‘त्याच्या जरा आधी काय केलं होतं?’ फोनचं नाव आणि आवृत्ती माणसाकडून मागायचीच गरज नाही, ती गेमकडून घ्यावी. सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रॅमरने, म्हणजे पुटी हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने, १९९९ साली बग कसे कळवावेत यावर एक लेख लिहिला. त्याचा रोख वापरणाऱ्यांवर आहे: तुम्ही काय केलं आणि काय दिसलं ते सांगा, तुमचे अंदाज वेगळे ठेवा. सल्ला उत्तम आहे, पण बारा तास उभं राहून आलेल्या माणसाकडून ही शिस्त कोण पाळून घेणार? जेवढं गेमला स्वतः सांगता येतं तेवढं तिनेच सांगावं आणि माणसावर फक्त ‘काय झालं’ एवढंच सोडावं.

त्यासाठी गेमच्या मुख्य पानावर ‘बग कळवा’ असं एक बटण ठेवायचं. युनिटीमध्ये त्यामागचा कोड एवढाच आहे:

```csharp
string t = "v" + Application.version + " | "
         + SystemInfo.deviceModel + " | "
         + SystemInfo.operatingSystem + " | RAM "
         + SystemInfo.systemMemorySize + " MB\nकाय झालं: ";
Application.OpenURL("https://wa.me/?text="
         + System.Uri.EscapeDataString(t));
```

`wa.me` च्या पुढे नंबर दिला नाही तर व्हॉट्सअ‍ॅप विचारतं की हे कुणाला पाठवायचं. माणूस ग्रुप निवडतो. आवृत्ती, फोन, अँड्रॉइड आणि रॅम आधीच लिहिलेलं असतं, त्याने पुढे एक ओळ लिहायची किंवा खाली आवाजी निरोप टाकायचा. याशिवाय खेळताना कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा बारीक अक्षरात कायम दिसत ठेवावा. म्हणजे कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये तो आपोआप येतो. याचं महत्त्व पहिल्या दुरुस्तीनंतर कळतं. बंद चाचणीतली नवी आवृत्ती गूगलच्या तपासणीतून जाते, कधी काही तासांत, कधी त्याहून उशिरा. ती आली तरी सगळे फोन लगेच अपडेट होत नाहीत. कालच दुरुस्त केलेला बग आज पुन्हा कळवला जातो, आणि कोपऱ्यात जुना आकडा दिसला नाही तर डेव्हलपर स्वतःच्याच दुरुस्तीवर संशय घेत बसतो.

स्क्रीनशॉटबद्दल आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅप चित्र आणि व्हिडिओ दाबून लहान करतं. बारीक अक्षरं वाचायची असतील किंवा व्हिडिओतला एक क्षण पकडायचा असेल, तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगावं. काही बग मात्र नुसत्या स्क्रीनशॉटवर सुटतात. मराठी अक्षरांचा बग त्यांतला. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीची जुळणी होत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते आणि जोडाक्षरं फुटून मध्ये हलन्त दिसतात. ‘मराठी नीट दिसत नाही’ असं म्हटलं तर फाँट बदलण्यात दोन दिवस जातील. चित्र पाहिलं की कळतं की फाँट ठीक आहे, मांडणीचं यंत्रच अपुरं आहे. थोड्या सूचना असतील तर त्या चित्र म्हणून बसवाव्यात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ही अडचण नाही, पण अर्धी गेम झाल्यावर इंजिन बदला असं मी कुणाला सांगणार नाही.

आता चौथ्या प्रकारचा बग शेवटपर्यंत नेऊ, कारण ग्रुपचा खरा उपयोग तिथे दिसतो. चाचणीच्या चौथ्या रात्री आपल्या वजनकाट्यावाल्याच्या ग्रुपवर निरोप येतो: ‘दादा, गेम परत पहिल्यापासून चालू झाली, मी नवव्या लेव्हलला होतो.’ थोड्या वेळात आणखी दोघं म्हणतात, माझंही तसंच. मग एक जण म्हणतो, माझं तर बरोबर चालतंय, तुमचे फोन खराब आहेत. अशा वेळी ग्रुपवर वाद सुरू होतो. ‘माझं बरोबर चालतंय’ म्हणणारा बहुतेकदा गप्प केला जातो. खरं तर त्याला जपून ठेवायला हवं, कारण ज्याच्याकडे बग येत नाही तोही तेवढाच पुरावा आहे.

पाच जणांची नोंद शीटमध्ये अशी होते. ज्यांचं गेलं त्यांचे फोन तीन, तीन आणि चार जीबीचे. ज्यांचं गेलं नाही त्यांच्यापैकी एकाचा आठ जीबीचा. इथपर्यंत वाटतं की रॅमचा प्रश्न आहे. पण पाचव्याचा फोनही चार जीबीचा आहे, अगदी त्याच मॉडेलचा, आणि त्याचं काही गेलेलं नाही. इथे थांबून दुसरा प्रश्न विचारायचा: त्याच्या आधी काय केलं होतं? पहिला म्हणतो, सुपरवायझरचा फोन आला होता. दुसऱ्याने मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. तिसरा यूट्यूबवर गेला होता. तिघंही गेम चालू असताना दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेले आणि परत आले. पाचव्याला विचारलं, तू गेम बंद कशी करतोस? तो म्हणतो, ‘बाहेर’ बटण दाबून. आणि डेव्हलपरही स्वतः नेहमी तसंच करत आला आहे. म्हणून त्याला हा बग महिनोन्‌महिने दिसला नाही.

कारण आता हाताशी आलं. गेमची प्रगती जतन करण्याचं काम त्याने `OnApplicationQuit` मध्ये ठेवलं होतं. ‘बाहेर’ बटण दाबलं की ते चालतं. पण अँड्रॉइडमध्ये माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेला की गेम मागे जाते, बंद होत नाही. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची अ‍ॅप न विचारता मारून टाकतं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी हे अधिकच हात मोकळा सोडून करतात. असं मारताना `OnApplicationQuit` ला बोलावलं जाईल याची खात्री नसते. आठ जीबीच्या फोनवर गेम मागे तशीच जिवंत राहते, म्हणून तिथे सगळं आलबेल.

अंदाज बरोबर आहे की नाही हे दुरुस्तीआधी तपासायला हवं, नाहीतर ‘बहुधा झालं’ अशी दुरुस्ती होते. फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, नवव्या लेव्हलपर्यंत खेळायचं, होम बटण दाबून गेम मागे टाकायची आणि अँड्रॉइड करतं तेच हाताने करायचं:

```
adb shell am kill com.example.mill
```

ही आज्ञा फक्त मागे गेलेलं अ‍ॅप मारते, म्हणून आधी होम बटण दाबणं आवश्यक. शेवटच्या नावाच्या जागी आपल्या गेमचं पॅकेज नाव घालायचं. परत उघडल्यावर पहिली लेव्हल दिसली की बग आठ जीबीच्या फोनवरही आपल्या हातात आला. मग दुरुस्ती:

```csharp
void OnApplicationPause(bool paused) {
    if (paused) SaveGame();
}
```

गेम मागे जाते त्याच क्षणी जतन. ०.३.३ आवृत्ती निघाली आणि त्याच तिघांना नेमकं काम दिलं: पाचवी लेव्हल पार करा, होम दाबा, कॅमेरा उघडा, मग यूट्यूब, दोन मिनिटांनी परत या. ‘बघा आता चालतंय का’ एवढंच सांगितलं असतं तर तिघांनी गेम उघडून ‘हो चालतंय’ म्हटलं असतं आणि बग न तपासताच निकालात निघाला असता.

तिघांपैकी दोघांनी ‘ठीक’ कळवलं. तिसऱ्याने कळवलं की लेव्हल गेली नाही, पण बिलेट हवेतच लटकलंय आणि पुढे सरकत नाही. ही नवी चूक जुन्या दुरुस्तीतून आलेली. आधी जतन फक्त व्यवस्थित बाहेर पडताना व्हायचं, म्हणजे लेव्हल संपल्यावर. आता ते कधीही होतं, बिलेट दोन स्टँडच्या मधे असतानाही. अर्धवट हालचालीची स्थिती जतन झाली आणि उघडल्यावर तिला पुढे नेणारं कुणी नव्हतं. फक्त पूर्ण झालेली शेवटची लेव्हल आणि गुण जतन करायचे, चालू लेव्हल पुन्हा सुरुवातीपासून द्यायची, असं ठरवलं की हा प्रश्न मिटतो. शीटमध्ये १४ नंबरसमोर ‘०.३.४ मध्ये, तिघांनी तपासलं’ असं लिहायचं आणि ग्रुपवर ज्याने पहिला निरोप दिला होता त्याला नाव घेऊन सांगायचं.

बग आणि अभिप्राय यांचं निराळं गणित असतं. बगाबद्दल एकाने सांगितलं तरी पुरतं, घडलं तर घडलं. अभिप्राय एकाचा असतो आणि बहुतेकदा तो उपायाच्या रूपात येतो. ‘बारावी लेव्हल फार अवघड आहे, जीव वाढवा.’ जीव वाढवावेत की नाही हे त्याला कळत नाही, पण बाराव्या लेव्हलला काहीतरी खटकतं हे त्याला नक्की कळतं. विचारायचं की कितव्या स्टँडला अडकता. चौघांनी तिसरा सांगितला तर तिथे बोट ठेवायच्या जागेवर त्यांचाच अंगठा बिलेट झाकत असेल, आणि उपाय बटण सरकवण्याचा असेल. ‘स्ले द स्पायर’ ही प्रसिद्ध पत्त्यांची गेम नोव्हेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ अपूर्ण अवस्थेत विकली जात होती. तिचे निर्माते खेळाडूंचं बोलणं ऐकत होतेच, पण कोणता पत्ता किती जण घेतात आणि घेतल्यावर किती जिंकतात याची आकडेवारीही गेममधून गोळा करत होते. बोलण्यातून प्रश्न कुठे ते कळतं आणि आकड्यांवरून तो किती मोठा ते ठरतं. वीस जणांच्या चाचणीत आकडे तोकडे पडतात. तिथे कुणाच्या तरी शेजारी बसून तो गप्प खेळताना पाहणं जास्त कामाचं. पाहताना तोंड बंद ठेवता आलं पाहिजे, आणि हे वाटतं त्याहून कठीण आहे.

एमआयडीसीत चाचणी करण्याचा एक वेगळा फायदा इथे होतो. पुण्या-मुंबईतला खेळाडू म्हणेल की लेव्हलचा वेग जास्त आहे. मिलमधला माणूस म्हणतो, ‘बिलेट इतक्या लवकर काळं पडत नाही.’ रोलिंगला जाणारं बिलेट साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भट्टीतून निघतं, पिवळसर-नारिंगी दिसतं आणि मग हळूहळू लाल होत जातं. गेममध्ये ते चार सेकंदांत करडं होत होतं. हा बग नाही, तक्रारही नाही. पण रंगांचा हा क्रम नीट धरला की ‘वेळ संपत आली’ हे सांगायला पडद्यावर वेगळं घड्याळ लागत नाही, बिलेटचा रंगच घड्याळ होतो. असा अभिप्राय ‘अवघड/सोपं’ असा मतदानाचा प्रश्न टाकून कधीच मिळाला नसता. मतदान मी दोन पर्यायांमधून एक निवडताना वापरीन, नवं काही जाणून घ्यायला नाही.

ग्रुपच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वीस ओळखीची माणसं चांगलंच बोलतात, विशेषतः ज्याच्याशी रोज वजनकाट्यावर गाठ पडते त्याच्याबद्दल. वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब निल्सनने २००० साली लिहिलं होतं की वापरातल्या बहुतेक अडचणी पाच माणसांतच दिसून येतात. ते समजण्या-न समजण्याच्या अडचणींबद्दल खरं आहे. फोनच्या चिपवर अवलंबून असलेला बग मात्र त्या चिपचा फोन ग्रुपमध्ये नसेल तर दिसणारच नाही, मग माणसं पाच असोत की पन्नास. प्ले कन्सोलमध्ये क्रॅश आणि प्रतिसाद न देण्याच्या नोंदी आपोआप येतात, पण छोट्या चाचणीत तिथले तक्ते बहुतेक रिकामेच दिसतात. त्यामुळे रिकामा तक्ता म्हणजे गेम निर्दोष, असं समजू नये. आणि चाचणीत सामील असलेल्यांना प्ले स्टोअरवर जाहीर तारे देता येत नाहीत, त्यांचा अभिप्राय फक्त डेव्हलपरला दिसतो. तो कन्सोलमध्ये जाऊन वाचावा लागतो. ग्रुपवर गप्प असलेला एखादा तिथे बरंच काही लिहून गेलेला असतो.

चौदा दिवसांनी अर्ज भरताना शीट समोर ठेवली की उत्तरं लिहायला वेळ लागत नाही: इतक्या नोंदी आल्या, त्यांतल्या एवढ्या दुरुस्त केल्या, प्रगती हरवण्याचा बग असा सापडला, रंगांचा क्रम अमक्याच्या सांगण्यावरून बदलला. ग्रुप मात्र अर्जाबरोबर बंद करू नये. गेम सगळ्यांना मिळू लागल्यावरच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी लोकांच्या एक ताऱ्याच्या शेऱ्यांत ‘हँग होते’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यांना प्रश्न विचारायची सोय फारशी नसते. तेव्हा तोच फोन असलेला ग्रुपमधला माणूसच उपयोगी पडतो.

आणि तुम्हाला कुणी ओळखीच्याने अशा ग्रुपमध्ये घातलं असेल, तर चौदा दिवस चाचणीतून बाहेर पडू नका आणि गेम फोनवरून काढू नका. दिवसाआड पाच मिनिटं खेळा. बिघडलं तर ‘हँग झाली’ असं न लिहिता स्क्रीनवर काय दिसलं आणि त्याआधी काय केलं होतं, एवढी दोन वाक्यं लिहा.